आपत्ती-पुनर्स्थापन आराखडा (लहान कार्यालय)

आग, पूर, यंत्रबिघाड किंवा खंडणीखोर सायबरहल्ला यांनंतर कार्यालयातील संगणक कोणत्या बॅकअपवरून, कोणत्या क्रमाने आणि किती वेळात पुन्हा चालू करायचे, हे आधीच ठरवून लिहिलेला दस्तऐवज.

दिल्लीतील उदाहरण : २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयावर असा हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली होती आणि नेटवर्कचे नीट विभाजन नसणे हे त्यामागचे एक कारण होते. ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून मिळाली. तरीही रुग्णनोंदणी, दाखल करणे यांसारखी कामे पूर्ववत व्हायला सुमारे दोन आठवडे लागले. तोवर ती हाताने चालली. बॅकअप असणे आणि काम सुरू होणे यांतील हे अंतर आराखड्याने आधीच मोजायचे असते.

वेळेचा हिशेब : समजा, नोएडातील एका लेखापालाच्या कार्यालयात ४०० गीगाबाइट माहिती आहे. ५० मेगाबिटच्या इंटरनेटवरून ती क्लाउडमधून उतरवायला, पूर्ण वेग मिळाला तरी, जवळजवळ अठरा तास लागतात. सेकंदाला १०० मेगाबाइट वाचणाऱ्या बाह्य हार्ड डिस्कवरून हेच काम तासाभराहून थोड्या अधिक वेळात होते. म्हणून वेगासाठी डिस्क आणि कार्यालयाबाहेर सुरक्षित राहणारी क्लाउडमधील प्रत, अशा दोन्ही प्रती लागतात. मात्र डिस्क कायम जोडलेली ठेवली, तर हल्ल्यात सर्व्हरबरोबर तीही कुलूपबंद होऊ शकते. सिंक होणारा फोल्डर म्हणजेच बॅकअप, ही समजूत अधिक घातक आहे. बिघडलेली फाइल तिथेही तशीच पोहोचते.

पुनर्स्थापनेचा क्रम : हल्ला झाला असल्यास आधी नेटवर्क तोडावे आणि शिरकावाच्या आधीची प्रत निवडावी. मग राउटर, त्यानंतर लॉगिन तपासणारा सर्व्हर, नंतर फाइल सर्व्हर, मग टॅली आणि शेवटी प्रिंटर. लॉगिन सर्व्हरआधी फाइल सर्व्हर उभा केला, तर फोल्डर दिसतात, पण कुणालाच उघडता येत नाहीत. टॅलीचा डेटा परत आला तरी नव्या यंत्रावर लायसन्स पुन्हा सक्रिय करावे लागते. त्यासाठी सीरियल क्रमांक आणि नोंदणीचा ई-मेल आराखड्यात हवा. डिजिटल सहीच्या टोकनची प्रत निघत नाही, ते हरवल्यास नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

चाचणी : बॅकअप ‘यशस्वी’ असा संदेश पुरेसा नाही. वेगळ्या संगणकावर कंपनीचा डेटा उघडून मागील महिन्याचा ताळेबंद जुळतो का, हे पाहावे. बॅकअपचा पासवर्ड त्याच सर्व्हरवर ठेवलेला असेल, तर तो दोष इथेच उघड होतो.

कायदा : सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबरघटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात.

पूर : १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली होती. म्हणून सर्व्हर तळघरात ठेवू नये.