लेबलवरचे ‘शुगर फ्री’ नेमके काय सांगते?

वेष्टनावरील ‘शुगर फ्री’ या शब्दांना भारतात कायदेशीर अर्थ आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसेल, तरच हा दावा करता येतो. मात्र पिठातील स्टार्चविषयी तो काहीच सांगत नाही.

समजा, अशा बिस्किटांच्या पोषण तक्त्यात १०० ग्रॅममागे साखर ०.४ ग्रॅम आणि एकूण कर्बोदके ६८ ग्रॅम आहेत. चार बिस्किटांचे वजन २५ ग्रॅम धरल्यास १७ ग्रॅम कर्बोदके पोटात जातात, आणि त्यांतील मैद्याच्या स्टार्चचे पचनानंतर ग्लुकोजच होते. म्हणून मधुमेही व्यक्तीने साखरेच्या आकड्याआधी एकूण कर्बोदकांचा आकडा पाहणे इष्ट. गोडीसाठी माल्टिटॉल वापरले असेल, तर रक्तातील साखर तुलनेने कमी वाढते, पण वाढते. शिवाय ते जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात.

‘नो ॲडेड शुगर’ हा दावा निराळा. त्यात वरून साखर घातलेली नसते, फळांच्या रसातील मूळची साखर मात्र असतेच.

‘लो फॅट’ची मर्यादा घन पदार्थासाठी १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम, तर द्रवासाठी १०० मिलिलिटरमागे १.५ ग्रॅम स्निग्धांशाची आहे. ३ टक्के स्निग्धांशाचे टोन्ड दूध तिच्यात बसत नाही. उलट ‘लो फॅट’ फळयुक्त दह्यात साखर भरपूर असू शकते; त्या दाव्याचा साखरेशी संबंधच नाही.

‘नॅचरल’ हा शब्द तर पदार्थाचे मूळ आणि त्यावरील प्रक्रिया यांपुरताच बोलतो. मध नैसर्गिक असला, तरी तो बहुतांशी साखरच असतो.