कानो प्रतिमान

कानो प्रतिमान (कानो मॉडेल) ही एखाद्या उत्पादनात मागितल्या गेलेल्या सुविधांचे, त्यांचा ग्राहकाच्या समाधानावर होणाऱ्या परिणामानुसार वर्गीकरण करण्याची पद्धत आहे. जपानी गुणवत्तातज्ज्ञ आणि तोक्यो विज्ञान विद्यापीठातील प्राध्यापक नोरियाकी कानो यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये ती मांडली. सुविधा असल्याने होणारा आनंद आणि ती नसल्याने होणारी नाराजी या एकाच मापाच्या दोन बाजू नसून दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या प्रतिमानाचे मूळ गृहीतक होय.

## पार्श्वभूमी

कामाच्या ठिकाणी समाधान देणारे घटक आणि असमाधान निर्माण करणारे घटक वेगवेगळे असतात, असा सिद्धांत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी मांडला होता. कानो यांनी हा विचार वस्तूंच्या गुणवत्तेला लावला. दूरचित्रवाणी संच आणि टेबलावरील घड्याळ यांविषयी ग्राहकांची मते घेऊन त्यांनी ‘आकर्षक गुणवत्ता’ आणि ‘आतारिमाए’ म्हणजे ‘गृहीत धरलेली’ गुणवत्ता यांतील फरक दाखवला.

## सुविधांचे वर्ग

अनिवार्य सुविधा ग्राहक गृहीत धरतो. ती असल्याबद्दल कोणी कौतुक करत नाही; नसली तर मात्र उत्पादन नाकारले जाते. कार्यमानविषयक सुविधेत समाधान प्रमाणात वाढते किंवा घटते: वेग जितका अधिक तितका ग्राहक खूश, जितका कमी तितका नाराज. आनंददायी सुविधा अनपेक्षित असते. ती मिळाल्यास आनंद होतो, न मिळाल्यास कोणाला उणीव जाणवत नाही. यांखेरीज जिच्या असण्या-नसण्याने फरक पडत नाही ती उदासीन, आणि जी असल्यानेच ग्राहक नाराज होतो ती विपरीत सुविधा मानली जाते.

## प्रश्नावली

ग्राहकाला ‘ही सुविधा किती महत्त्वाची वाटते?’ असे थेट विचारल्यास बहुतेक सर्वच गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. म्हणून प्रत्येक सुविधेविषयी दोन प्रश्न विचारतात: ती असेल तर कसे वाटेल, आणि ती नसेल तर कसे वाटेल? दोन्हींसाठी उत्तराचे तेच पाच पर्याय असतात: ‘आवडेल’, ‘असे असायलाच हवे’, ‘फरक पडत नाही’, ‘चालवून घेईन’ आणि ‘आवडणार नाही’.

वर्ग ठरतो तो उत्तरांच्या जोडीवरून. असली तर ‘आवडेल’ आणि नसली तर ‘आवडणार नाही’, अशी जोडी आल्यास सुविधा कार्यमानविषयक ठरते. असली तर ‘आवडेल’ पण नसल्यास मधल्या तीन पर्यायांपैकी एक, तर ती आनंददायी. असल्यास मधल्या तिनांपैकी एक आणि नसल्यास ‘आवडणार नाही’, तर ती अनिवार्य. दोन्ही उत्तरे मधल्या तिनांतील असतील तर सुविधा उदासीन. दोन्हींना ‘आवडेल’ किंवा दोन्हींना ‘आवडणार नाही’ असे उत्तर परस्परविरोधी असल्याने शंकास्पद म्हणून बाजूला ठेवतात. उरलेल्या जोड्या विपरीत वर्गात मोडतात.

हे पाच पर्याय म्हणजे गुणांची चढती श्रेणी नव्हे. त्यामुळे त्यांना १ ते ५ अंक देऊन सरासरी काढणे चुकीचे ठरते. प्रत्येक व्यक्तीच्या जोडीचा वर्ग आधी ठरवावा आणि मग वर्गनिहाय मोजणी करावी.

## उदाहरण

मोबाइलवरील एका मराठी शब्दकोशाच्या प्रकल्पाकडे पाच सुविधांची मागणी आली आणि ५० वापरकर्त्यांना प्रश्नावली दिली, असे समजू. या काल्पनिक पाहणीची मोजणी पुढीलप्रमाणे:

| सुविधा | अनिवार्य | कार्यमान | आनंददायी | उदासीन | विपरीत |
|---|---|---|---|---|---|
| जोडाक्षरे नीट दिसणे | ३८ | ७ | १ | ४ | ० |
| शोधाचा वेग | ११ | २९ | ६ | ४ | ० |
| ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी शब्द सापडणे | ३ | १० | २७ | १० | ० |
| रोज एका शब्दाची सूचना | १ | २ | ९ | २६ | १२ |
| इंटरनेटविना शोध | १८ | ५ | १७ | १० | ० |

पहिल्या चार सुविधांचा वर्ग सर्वाधिक मोजणीवरून स्पष्ट होतो. मात्र केवळ सर्वाधिक मत पाहिल्यास बाकीची मते झाकली जातात. म्हणून दोन गुणांक काढतात. पहिल्या चार वर्गांच्या एकूण मतांनी कार्यमान व आनंददायी मतांच्या बेरजेला भागले की समाधानाचा गुणांक मिळतो. त्याच संख्येने अनिवार्य व कार्यमान मतांच्या बेरजेला भागले की असमाधानाचा गुणांक मिळतो. तो ऋण चिन्हाने लिहितात. जोडाक्षरांसाठी हे गुणांक ०.१६ आणि −०.९० येतात: सुविधा दिल्याने फारसे काही मिळत नाही, पण न दिल्यास जवळजवळ सर्वच वापरकर्ते दुरावतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या सुविधेसाठी ते ०.७४ आणि −०.२६ येतात, म्हणजे चित्र नेमके उलट आहे.

‘इंटरनेटविना शोध’ या सुविधेचे गुणांक ०.४४ आणि −०.४६ आहेत. अनिवार्य आणि आनंददायी मते येथे जवळजवळ समसमान आहेत. अशा वेळी उत्तर देणाऱ्यांमध्ये दोन निराळे गट आहेत का, हे पाहावे लागते. मोबाइलचे जाळे क्षीण असलेल्या भागातील २२ जण वेगळे काढले असता त्यांपैकी १६ जणांना ही सुविधा अनिवार्य वाटते. उरलेल्या २८ जणांपैकी १५ जणांना ती आनंददायी, तर ९ जणांना उदासीन वाटते. शब्दकोश पहिल्या गटासाठीही असेल, तर ही सुविधा अनिवार्य मानूनच नियोजन करावे लागेल. एकत्रित आकडेवारीवरून हे कळले नसते.

रोजच्या सूचनेबाबत १२ विपरीत मते लक्षणीय आहेत. ती द्यायचीच झाल्यास मूळ स्थितीत बंद ठेवावी आणि ज्याला हवी त्याने सुरू करावी, असा त्यांचा अर्थ होतो.

## प्राधान्यक्रम

अनिवार्य सुविधा प्रथम पूर्ण करतात, परंतु पुरेशी पातळी गाठल्यावर तेथे अधिक श्रम घालत नाहीत. जोडाक्षरे एकदा निर्दोष दिसू लागली की त्यापुढे समाधान वाढत नाही. कार्यमानविषयक सुविधांची पातळी स्पर्धक उत्पादनांशी तुलना करून ठरवतात. उरलेल्या श्रमांत एखाद-दुसरी आनंददायी सुविधा घेतात. अनिवार्य गुणांत उणीव असताना दिलेली आनंददायी सुविधा ती उणीव भरून काढत नाही.

## मर्यादा

एकाच प्रश्नात दोन सुविधा गुंफल्यास उत्तर कोणत्या सुविधेला आहे हे कळत नाही. ‘सुविधा नसेल तर’ हा प्रश्न दुहेरी नकाराने लिहिल्यास वाचणारा गोंधळतो. एखाद्या सुविधेवर शंकास्पद उत्तरे बरीच आली, तर दोष बहुधा प्रश्नाच्या शब्दरचनेत असतो. पूर्वी कधी न पाहिलेल्या सुविधेविषयी लोक ‘फरक पडत नाही’ असे सांगण्याचा संभव असतो. त्यामुळे प्रश्नासोबत चित्र किंवा नमुना दाखवणे हितावह ठरते. सुविधेचा खर्च आणि ती घडवण्यास लागणारा वेळ हे प्रतिमान मोजत नाही. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

वर्ग कायमचेही नसतात. दूरचित्रवाणी संचाचा रिमोट प्रथम नवलाईचा होता. कालांतराने त्याच्याविना संच विकत घेण्याची कल्पनाही उरली नाही. आज आनंददायी असलेली सुविधा स्पर्धकांनी उचलल्यावर आधी कार्यमानविषयक आणि नंतर अनिवार्य होत जाते. म्हणून जुन्या पाहणीचे निष्कर्ष नव्या आवृत्तीसाठी तसेच वापरता येत नाहीत. प्रश्नावली पुन्हा घ्यावी लागते.