कोनवरचे खड्डे

कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्याच्या पुढे एका गल्लीत सायकलचं छोटंसं दुकान आहे. वडिलांची जुनी सायकल मी तिथे ओव्हरऑइलिंगला दिली होती. मागचं चाक फिरवलं की खरखर यायची. काकांनी एक्सल खोलला, छर्रे रॉकेलच्या डबीत टाकले आणि कोन पुसून माझ्या हातात ठेवला. ज्या चकचकीत पट्ट्यावरून छर्रे फिरतात, तिथे दोन-तीन बारीक खड्डे होते.

"टवका उडालाय," काका म्हणाले. "नुसते छर्रे बदलून उपयोग नाही."

मला प्रश्न पडला तो असा: घासून झीज झाली असती तर सगळा पट्टा सारखा झिजला असता. मग बाजूचा पोलाद आरशासारखा गुळगुळीत आणि मध्येच टवका, असं का?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर 1880 च्या नाताळच्या सुट्टीत सापडलं. बर्लिनमध्ये 23 वर्षांचा हाइनरिश हर्ट्झ काचेच्या भिंगांचा विचार करत होता. दोन भिंगं एकमेकांवर दाबली की मध्ये रंगीत वलयं दिसतात. पण दाबल्यावर भिंगांचा आकारच बदलत असेल, तर वलयांवरून केलेलं मोजमाप कितपत खरं? सुट्टीत त्याने गणित मांडलं आणि जानेवारी 1881 मध्ये ते तिथल्या भौतिकी मंडळासमोर वाचलं. हो, फोनच्या स्क्रीनपुढे 90 किंवा 120 हर्ट्झ लिहितात तोच हा हर्ट्झ. रेडिओ लहरी त्याने नंतर शोधल्या.

त्याचं म्हणणं असं होतं की गोळा आणि सपाट पाटा एका बिंदूत टेकत नाहीत. दोघंही किंचित दबतात आणि मध्ये एक छोटं वर्तुळ तयार होतं. मागच्या चाकात पाव इंची छर्रे असतात. तसा एक छर्रा पोलादी पाट्यावर ठेवून त्यावर 10 किलो भार दिला, तर हे वर्तुळ जेमतेम पाव मिलिमीटर रुंद होतं. त्याच्या मध्यावर दाब येतो दर चौरस मिलिमीटरला सुमारे 300 किलो! (कोनचा पट्टा सपाट नसून वळलेला असतो, त्यामुळे तिथे दाब याहून कमी.) भार आठपट केला तरी हा दाब दुप्पटच होतो, कारण वर्तुळही पसरतं.

आता खरी गंमत. दाब सगळ्यात जास्त पृष्ठभागावर, मग तडा तिथेच जायला हवा ना? पण पोलाद नुसत्या दाबाने मोडत नाही. सगळ्या बाजूंनी सारखं दाबलं तर ते फक्त आकसतं. ते थकतं ते वरून जास्त आणि बाजूने कमी दाबल्यावर, कारण तेव्हा त्याचे थर एकमेकांवरून सरकू बघतात. पृष्ठभागावर वर्तुळाच्या मध्यावर वरून दाब 100 धरला, तर आजूबाजूचा पोलाद बाजूने 80 ने आवळतो. फरक फक्त 20. खाली जाताना बाजूची पकड झपाट्याने सुटते, वरचा दाब मात्र सावकाश उतरतो. वर्तुळाच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्या खोलीवर वरून 81 आणि बाजूने 19 उरतात. फरक 62! आपल्या छर्‍याखाली ही जागा 0.06 मिलिमीटरवर येते, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. दोन रुळांमध्ये, म्हणजे रोलर बेअरिंगसारख्या ठिकाणी, ती पट्टीच्या अर्ध्या रुंदीच्या सुमारे 0.78 पट खोल असते.

हर्ट्झने आतल्या ताणांचा पूर्ण हिशोब केला नव्हता. तो 1904 मध्ये ह्यूबरने मांडला. पुढे एसकेएफ या स्वीडिश बेअरिंग कंपनीत (आपल्या चिंचवडला कारखाना असलेली तीच) पामग्रेन आणि लुंडबर्ग यांनी 1947 मध्ये त्यावरून बेअरिंगच्या आयुष्याचं सूत्र बसवलं. तडा त्या खोलीत, पोलादातल्या एखाद्या अशुद्ध कणापाशी सुरू होतो, छर्रे लाखो वेळा वरून गेल्यावर वाढत जातो आणि शेवटी वर येऊन खपलीसारखा टवका उडवतो. त्यांच्या हिशोबात बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश होतं.

मी खूश होऊन हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी डबीतलं काळं रॉकेल माझ्यापुढे धरलं. तळाशी कचकच वाजणारी माती होती.

मुद्दा बरोबर होता. खालून तडा जातो तो ग्रीस चांगलं, पृष्ठभाग गुळगुळीत आणि आत धूळ नसेल तेव्हा. कण छर्‍याखाली चिरडला की पृष्ठभागावर ओरखडा उमटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. ग्रीस संपून घर्षण फार वाढलं, तर सरकवणारा ताणही वर येतो.

घरी येऊन मी भिंगाखाली कोन पाहिला. एका खड्ड्याच्या कडा उभ्या, तळ सपाट आणि भोवती एकही ओरखडा नाही. तो बहुधा खालून आलेला. बाकीचे दोन उथळ, ओरखड्यांच्या जाळ्यात सापडलेले. ते मातीचे. मागच्या दोन पावसाळ्यांत मी चाक एकदाही खोलून घेतलं नव्हतं.