खस्ता कचोरीची पारी

सारण भरून मंद आचेवर तळलेल्या, बोटाने दाबताच भुगा होणाऱ्या मैद्याच्या आवरणाला खस्ता पारी म्हणतात. राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील मूगडाळीची कचोरी हा तिचा मूळ नमुना. जोधपूरची कांद्याची कचोरी, शेगावला रेल्वे फलाटावर मिळणारी कचोरी आणि सर्वत्र दिसणारा समोसा ही त्याच घराण्यातील मंडळी. साटा लावून केलेल्या करंजीला मोजता येतील असे पापुद्रे सुटतात. कचोरीत तसे थर नसतात. तिची पारी एकसंध असते, पण आतून सच्छिद्र आणि ठिसूळ. साटा न लावता हा ठिसूळपणा आणायचा, म्हणून मोहनाचे प्रमाण, मळण्याची रीत आणि आच या तिन्हींकडे लक्ष ठेवावे लागते.

मैद्यात पाणी पडले की त्यातील प्रथिने एकमेकांना धरतात आणि ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, कचोरीला नको असते. पाण्याआधी मैद्याला तूप किंवा तेल चोळले तर कणांवर स्निग्धतेचा लेप बसतो, पाणी आत कमी शिरते आणि जाळ्याचे धागे आखूड राहतात. मोहनाचे काम एवढेच. म्हणूनच पाणी घालून मळून झाल्यावर ‘तूप कमी पडले’ म्हणून वरून घातलेले तूप फारसे उपयोगाचे नसते. जाळे तोवर तयार झालेले असते.

प्रमाण वजनावर धरावे, कारण वाटीत मैदा कधी दाबून भरला जातो, कधी सैल. मैद्याच्या वजनाच्या सुमारे पाव भाग मोहन कचोरीला पुरते. समोशाला पाचवा भागही चालतो. 250 ग्रॅम मैद्याला 60 ग्रॅम तूप, म्हणजे साधारण चार मोठे चमचे भरून, आणि एक लहान चमचा मीठ. तूप वितळलेले पण हाताला सोसेल इतके कोमट असावे. चकलीसारखे कडकडीत मोहन इथे लागत नाही. दोन्ही तळव्यांत मैदा घेऊन चार-पाच मिनिटे चोळावा, कोरडा पांढरा मैदा कुठे दिसता कामा नये. मग मूठभर घेऊन दाबावा. मुटका आकार धरून राहिला आणि अंगठ्याने टोचताच फुटला, तर मोहन बरोबर. मुटका वळलाच नाही तर मोहन कमी आहे. बोटे तुपकट होऊन मुटका ओलसर लागला तर जास्त. तेलाच्या मोहनाने पारी कुरकुरीत पण थोडी कडक होते, तुपाने अधिक भुसभुशीत. प्रस्तुत लेखकाचा कल तुपाकडे आहे, मात्र बाजारातील बहुतेक कचोऱ्या वनस्पती तुपाच्या किंवा तेलाच्या असतात आणि त्यांतल्या कित्येक उत्तम असतात.

वरील मापाला पाणी सुमारे 105 मिलिलिटर लागते. मैद्याच्या जातीप्रमाणे ते थोडे मागेपुढे होते, म्हणून शेवटचे दोन चमचे हात राखून घालावेत. गोळा मऊ, किंचित सैलसर हवा. इथे घरोघरी होणारी चूक म्हणजे पोळीच्या कणकेसारखे तिंबणे. कचोरीचे पीठ नुसते गोळा करायचे असते. पृष्ठभाग थोडा खडबडीत राहिला तरी बिघडत नाही. ओल्या फडक्याखाली ते अर्धा तास झाकून ठेवावे. तेवढ्यात पाणी सगळीकडे सारखे मुरते आणि जे थोडे जाळे तयार झाले असेल ते सैलावते. मुरलेल्या पिठात बोट दाबले तर खळगा बऱ्यापैकी तसाच राहतो; लगेच वर आला तर आणखी दहा मिनिटे थांबावे. न मुरलेली पारी दाबली की आक्रसते, आक्रसली की कुठेतरी जाड राहते, आणि तो जाड भाग आत कच्चा राहतो.

या मापात सुमारे 420 ग्रॅम पीठ होते, त्याचे 35 ग्रॅमचे बारा गोळे होतात. गोळा वाटीसारखा करताना कडा पातळ आणि मध्य जाडसर ठेवावा, कारण कडा वर एकत्र येऊन चिमटल्या की तिथे पीठ दुप्पट होते. सारण एक मोठा चमचा, आणि ते कोरडे हवे. मूगडाळ भिजवून, भरड वाटून, ओल जाईपर्यंत परतलेली असावी. ओलसर सारण पारीला आतून मऊ पाडते आणि त्यावर तळण्यात काही उपाय नाही. तोंड बंद केल्यावर ती बाजू वर ठेवून तळव्याच्या टाचेने हलक्या हाताने सात-आठ सेंटिमीटर व्यासापर्यंत दाबावे. लाटणे फिरवले तर सारण पारीला टोचण्याची भीती असते.

तळणीचे तेल 120 अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. तापमापक नसेल तर पिठाचा वाटाण्याएवढा तुकडा सोडून पाहावा. तो तळाशी बसून, बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आला तर तेल तयार आहे. टाकताच उसळून वर आला तर गॅस बंद करून तेल निवू द्यावे. कचोऱ्या सोडल्यावर त्यांना झाऱ्याने डिवचू नये. दोन-तीन मिनिटांत त्या आपणहून तरंगतात आणि हळूहळू फुगतात, मग उलटाव्यात. एक घाणा व्हायला 18 ते 20 मिनिटे लागतात, आणि हा वेळ वाचवता येत नाही. पारीतील पाण्याची वाफ पूर्ण निघून गेल्याशिवाय ती आतपर्यंत कोरडी होत नाही. तेल तापलेले असेल तर वरचा थर चार मिनिटांत लाल होतो, पण आतले पाणी तिथेच अडकते. अशी कचोरी कढईतून काढताना कुरकुरीत असते आणि तासाभरात चामट होते. झाले की नाही हे रंगावरून नव्हे, बुडबुड्यांवरून ओळखावे: कचोरीभोवतीचे बुडबुडे जवळजवळ थांबले की पाणी संपले. रंग फिका राहिला असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत आच थोडी वाढवावी. दुसरा घाणा सोडण्यापूर्वी तेल पुन्हा निववायला हवे. पहिला घाणा सुरेख आणि दुसरा फोडांचा, असे होण्याचे कारण बहुधा हेच असते.

बिघाड पारीवरच वाचता येतो. पृष्ठभागावर बारीक फोड म्हणजे तेल गरम होते किंवा पीठ फार ओले होते. पारी दगडासारखी कडक म्हणजे मोहन कमी पडले किंवा पीठ जास्त तिंबले गेले. कचोरी तेलातच उकलून सारण बाहेर आले, तर तोंड नीट चिमटलेले नव्हते किंवा मोहन इतके झाले की पिठाला धरून ठेवणारे काही उरले नाही. हा शेवटचा दोष कढईत दुरुस्त होत नाही. उरलेल्या पिठात मूठभर कोरडा मैदा आणि चमचाभर पाणी मिसळून ते पुन्हा मुरवावे.

समोशाचे पीठ याहून घट्ट भिजवतात. एवढ्याच मैद्याला 80 मिलिलिटरच्या आसपास पाणी पुरते. पारी लाटून, अर्धी कापून तिचा कोन वळायचा असल्याने मऊ पीठ आकार धरत नाही, आणि वरून भुरभुरवलेला मैदा तेलात सुटून जळतो. बटाट्याचे सारण मुळातच ओलसर असल्याने समोसा कचोरीइतका टिकत नाही. मूगडाळीची कचोरी पूर्ण गार करून हवाबंद डब्यात ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. गरम करताना ती 150 अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटे ठेवावी. मायक्रोवेव्हमध्ये सारणातली ओल पारीत उतरते आणि पारी मऊ पडते.