ग्रीनलंड फुगते कुठे? गोलावरचे आणि नकाशावरचे क्षेत्रफळ

पदव्युत्तर प्रबंधासाठी रशियन साम्राज्याचे क्षेत्रफळ मोजण्याचा उद्योग मी एकदा केला. संगणकावरील नकाशावर सीमा आखली आणि चौकटीत उमटलेला आकडा टिपून घेतला. ग्रंथांत हे साम्राज्य दोन कोटी चौ. किमीच्या थोडे पुढे जाते. माझे उत्तर त्याच्या कित्येक पट आले. सीमा बरोबर होती, बेरीजही बरोबर होती. चूक कागदाच्या सपाटपणात दडलेली होती. आजचा धागा त्या चुकीच्या इतिहासाविषयी.

जेरार्ड मर्केटर याने १५६९ मध्ये डुइसबुर्ग येथे आपला प्रसिद्ध जगाचा नकाशा छापला. तो खलाशांसाठी होता. होकायंत्राचा काटा एकाच कोनात धरून जहाज हाकारले, तर तो मार्ग नकाशावर सरळ रेषा म्हणून उमटावा, ही त्यामागची अट. तिची किंमत मात्र क्षेत्रफळाने मोजली.

ती कशी, ते पाहू. गोलावर अक्षवृत्ते ध्रुवाकडे लहान होत जातात. ६० अंशांवरचे अक्षवृत्त विषुववृत्ताच्या बरोबर निम्मे असते. मर्केटरच्या नकाशात मात्र सारी अक्षवृत्ते सारख्याच लांबीची आहेत. म्हणजे ६० अंशांवर पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट ताणले गेले. आता दिशा बिघडू द्यायच्या नसतील, तर उत्तर-दक्षिण अंतरही तितकेच ताणावे लागते. दोन दुणे चार : क्षेत्रफळ चौपट. या ताणाचे गणित एडवर्ड राइट या इंग्रजाने १५९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याने कलेकलेने बेरजा करून कोष्टक तयार केले. संगणक नसताना हे काम किती कंटाळवाणे असेल, याची कल्पनाच करवत नाही.

एक उदाहरण सोडवू. गोलावर दोन अक्षवृत्ते आणि दोन रेखावृत्ते यांमधील चौकटीचे क्षेत्रफळ असे निघते :

R² × Δλ × (sin φ₂ − sin φ₁)

येथे R म्हणजे पृथ्वीची त्रिज्या, ६३७१ किमी. Δλ हा रेखांशांतील फरक (रेडियनमध्ये), तर φ हे अक्षांश. दहा अंश रुंद आणि दहा अंश उंच अशी चौकट घ्या. विषुववृत्तापासून १० अंशांपर्यंत तिचे क्षेत्रफळ सुमारे १२.३ लाख चौ. किमी येते; मर्केटरच्या कागदावर १२.४ लाख. फरक जेमतेम एक टक्का. तीच चौकट ७० ते ८० अंशांदरम्यान, म्हणजे उत्तर ग्रीनलंडच्या पट्ट्यात न्या. गोलावर ती ३.२ लाखांवर येते. कागदावर मात्र ४९.६ लाख! साडेपंधरा पट. ग्रीनलंड वस्तुतः भारतापेक्षाही लहान आहे, पण नकाशात ते आफ्रिकेच्या बरोबरीला बसते, ते यामुळे.

प्रदेश लहान असेल तर एका गुणकाने दुरुस्ती करता येते. महाराष्ट्र १९ अंशांच्या आसपास आहे. तेथे फुगवटा सुमारे १२ टक्के, तेवढा वजा केला की काम भागते. रशियासारखा प्रदेश मात्र काळ्या समुद्रापासून आर्क्टिकपर्यंत पसरलेला. त्याच्या दक्षिण टोकाला फुगवटा दुपटीच्या आत, तर उत्तर टोकाला दहा पटींच्या पुढे. तेथे एकच गुणक चालत नाही. EPSG:3857 असे नाव दिसणाऱ्या थरावर थेट क्षेत्रफळ मोजले की नेमके हेच घडते. माझेही तेच झाले होते.

मग सपाट नकाशावर क्षेत्रफळ कधीच खरे येत नाही काय? येते. योहान लॅम्बर्टने १७७२ मध्ये समक्षेत्र प्रक्षेपणे मांडली; त्यांत क्षेत्रफळ अचूक राहते, पण आकार चेपतात. आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही एकदम सांभाळणारा सपाट नकाशा अशक्य आहे. गाउसने १८२७ मध्ये वक्रतेविषयी जे सिद्ध केले, त्यातून हे ओघाने येते.

एक सापळा मात्र गोलावर मोजतानाही उरतो, आणि तो इतिहासाच्या विद्यार्थ्याला हमखास गाठतो. अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा १८१८ व १८४६ च्या करारांनी ४९ व्या अक्षवृत्तावर ठरली. तुम्ही लेक ऑफ द वूड्सजवळ एक बिंदू आणि पॅसिफिककाठी दुसरा असे दोनच बिंदू दिलेत, तर गोलावर मोजणारी प्रणाली त्यांना सर्वांत जवळच्या मार्गाने जोडते. तो मार्ग अक्षवृत्तावरून जात नाही. मध्यावर तो सुमारे ९५ किमी उत्तरेस कॅनडात शिरतो. एवढ्या एका रेषेने अमेरिकेच्या पदरात सव्वा लाख चौ. किमीच्या आसपास जमीन फुकट पडते. अशा सीमेवर अर्ध्या-अर्ध्या अंशावर बिंदू पेरले, की ही कमान जवळजवळ नाहीशी होते.