दैमाबादचा रथ

समोरच्या शिल्पाची लांबी 45 सेंटीमीटर असून त्यात दोन बैल, त्यांना जोडलेला दोन चाकांचा रथ आणि त्यावर उभा असलेला 16 सेंटीमीटर उंचीचा पुरुष दिसतो. पाहणाऱ्याने नजर प्रथम बैलांवर ठेवावी आणि तेथून दांडीवरून मागे सावकाश न्यावी, म्हणजे वाटेत दांडीवर उभा असलेला लहानसा कुत्रा सहज सुटणार नाही. चाके भरीव आहेत. त्यांना आरे, म्हणजे तुंब्यापासून धावेपर्यंत जाणाऱ्या काड्या, नाहीत.

तांब्याच्या मिश्रधातूचे हे काम आतूनही भरीव आहे. ते मधूच्छिष्ट पद्धतीने, म्हणजे मेणाचा नमुना मातीने लिंपून, भाजताना मेण वितळवून काढून आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतून घडवले आहे. ओतीव वस्तू बाहेर काढताना मातीचा साचा फोडावाच लागतो, त्यामुळे त्याच साच्यातून दुसरी प्रत निघत नाही. रथाबरोबर हत्ती, गेंडा आणि रेडा अशी आणखी तीन शिल्पे सापडली आणि चारही मिळून त्यांचे वजन साठ किलोहून अधिक भरते, म्हणजे ओतणाऱ्यांनी धातूची काटकसर मुळीच केलेली नाही.

ही चारही शिल्पे 1974 साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दैमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना मिळाली. अभ्यासकांचा पेच येथूनच सुरू होतो. शास्त्रीय उत्खननात वस्तू मातीच्या कोणत्या थरात होती हे नोंदले जाते आणि त्याच थरातील खापरांवरून व कोळशावरून तिचा काळ ठरतो. या शिल्पांना तशी थराची साक्ष मिळाली नाही. पुढे शां. आ. साळी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा एकावर एक अशा अनेक ताम्रपाषाणयुगीन वसाहती उघड झाल्या. दगडाबरोबर तांब्याचीही हत्यारे वापरणाऱ्या या वसाहतींपैकी एक उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरणीच्या काळातील होती. साळी आणि म. के. ढवळीकर यांनी शिल्पे त्याच काळाची मानली.

धर्मपाल अग्रवाल यांनी मात्र धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवले. या शिल्पांत आर्सेनिकचे, म्हणजे सोमलातील मूलद्रव्याचे, प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. त्यामुळे ती बरीच उत्तरकालीन, कदाचित ऐतिहासिक काळातील असावीत, असे त्यांनी सुचवले. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही, तरीही तो निर्णायक ठरत नाही, कारण आर्सेनिक मूळ खनिजातूनही उतरू शकते आणि धातू दुरून आलेला असल्यास स्थानिक वस्तूंशी केलेली तुलना लंगडी पडते. बहुतेक अभ्यासक आज उत्तर हडप्पा काळाकडेच झुकतात. त्यांचा आधार शिल्पांची घडण आणि ती मिळालेली जागा हा आहे, प्रत्यक्ष कालमापन हा नव्हे.