प्रदोष : तिथी, सूर्यास्त आणि वार

शिवमंदिरात दर पंधरवड्याला एकदा सायंकाळी विशेष पूजा होते, तीस प्रदोषपूजा म्हणतात. देवळाचा जीर्णोद्धार झाला, गाभाऱ्यात नवी फरशी बसली, सभामंडप प्रशस्त झाला, की पूजेअर्चेचा क्रमही नव्याने नीट लावला जातो. अशा वेळी गावोगावी एक प्रश्न हमखास निघतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आज द्वादशी छापली आहे, मग प्रदोष आज कसा? आणि कधी त्रयोदशी दोन दिवस छापलेली असते, मग प्रदोष पहिल्या दिवशी की दुसऱ्या? या घोटाळ्यात एखादा उपवास करणारा माणूस बेलपाने घेऊन दुसऱ्या दिवशी देवळात येतो आणि पूजा कालच झाली असे गुरवाच्या तोंडून ऐकून परततो. हा घोटाळा का होतो आणि सोमप्रदोष, शनिप्रदोष ही नावे कशी पडली, याचा उलगडा पंचांगातील दोन साध्या गोष्टींवरून होतो.

‘प्रदोष’ हे मुळात तिथीचे नाव नसून वेळेचे नाव आहे. सूर्य मावळल्यावर रात्रीचा जो पहिला भाग सुरू होतो तो प्रदोषकाळ होय. निर्णयग्रंथांत सूर्यास्तानंतरचे तीन मुहूर्त प्रदोषकाळ मानले आहेत. रात्रीचे पंधरा समान भाग केले तर एक भाग म्हणजे एक मुहूर्त. त्यामुळे तीन मुहूर्त म्हणजे साधारण सव्वादोन ते अडीच तास होतात. सूर्यास्ताची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. पश्चिम महाराष्ट्रात कार्तिकात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर ज्येष्ठ-आषाढात सव्वासात होतात. म्हणून प्रदोषपूजेची घड्याळी वेळ वर्षभर एकच ठेवता येत नाही. या काळात शुद्ध अथवा वद्य त्रयोदशी चालू असेल तो दिवस प्रदोषव्रताचा.

आता तिथी म्हणजे काय ते पाहू. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती सारखी नसते, म्हणून तिथी कधी वीस-एकवीस तासांत संपते, तर कधी सव्वीस तासांपेक्षाही जास्त चालते. ती दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही घटकेस सुरू होते. परंतु रोजच्या व्यवहारासाठी दिवसाला एकच तिथी द्यावी लागते. म्हणून सूर्योदयाच्या वेळी जी तिथी असेल तीच त्या दिवसाची तिथी, असा संकेत आहे. दिनदर्शिकेच्या चौकोनात छापलेली तिथी ती हीच. थोडक्यात, चौकोनातील तिथी सकाळची असते आणि प्रदोषाला लागते ती संध्याकाळची. सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

शके 1946 च्या पौष महिन्याचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. शनिवार दि. 11 जानेवारी 2025 रोजी सकाळी सव्वाआठच्या पुढे पौष शुद्ध त्रयोदशी लागली आणि रविवारी पहाटे साडेसहाच्या सुमारास संपली. शनिवारी सूर्य उगवला तेव्हा द्वादशी होती, म्हणून शनिवारच्या नावावर द्वादशी पडली. रविवारी पश्चिम महाराष्ट्रात सूर्य सव्वासातच्या आसपास उगवला, तोवर त्रयोदशी संपून चतुर्दशी लागली होती. त्रयोदशीच्या वाट्याला एकही सूर्योदय आला नाही. अशा तिथीस क्षयतिथी म्हणतात. ज्याने केवळ चौकोन पाहिले त्यास वाटेल की या पक्षात त्रयोदशी नाही, म्हणजे प्रदोषही नाही. वस्तुतः शनिवारचा पूर्ण प्रदोषकाळ त्रयोदशीतच गेला. म्हणून तो शनिप्रदोष झाला.

याच्या नेमके उलट उदाहरण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात घडले. सोमवार दि. 17 नोव्हेंबर 2025 रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास कार्तिक वद्य त्रयोदशी लागली आणि मंगळवारी सकाळी सात वाजून गेल्यावर संपली. सोमवारच्या सूर्योदयालाही त्रयोदशी आणि मंगळवारच्या सूर्योदयालाही त्रयोदशी, अशी ही वृद्धितिथी होती. पण संध्याकाळ तिच्या वाट्याला एकच आली, ती सोमवारची. मंगळवारी सूर्य मावळला तेव्हा चतुर्दशी चालू होती. म्हणून दोन दिवस त्रयोदशी असूनही प्रदोष एकच, तो सोमप्रदोष. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपत असल्याने तेथे हीच तिथी मार्गशीर्ष वद्यातील गणली जाते. परंतु महिन्याचे नाव बदलले तरी प्रदोषाची संध्याकाळ बदलत नाही.

ही दोन्ही उदाहरणे सरळ आहेत. अडचण येते ती त्रयोदशी संध्याकाळच्याच सुमारास लागून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपते तेव्हा. माघ शुद्ध त्रयोदशी रविवार दि. 9 फेब्रुवारी 2025 रोजी सायंकाळी 7 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास लागली आणि सोमवारी 6 वाजून 57 मिनिटांच्या सुमारास संपली. सूर्यास्त साडेसहाचा व प्रदोषकाळ नऊपर्यंतचा धरला, तर रविवारी प्रदोषकाळातील सुमारे दीड तास त्रयोदशीचा येतो आणि सोमवारी जेमतेम सत्तावीस मिनिटे. ज्या दिवशी प्रदोषकाळातील व्याप्ती अधिक तो दिवस घ्यावा, या निर्णयाने रविवार ठरतो. परंतु रविवारी प्रत्यक्ष सूर्य मावळताना द्वादशी होती आणि सोमवारी त्रयोदशी. म्हणून जो केवळ सूर्यास्ताच्या क्षणाची तिथी पाहील त्यास सोमवार मिळेल. एकाच त्रयोदशीला एकजण रविप्रदोष म्हणेल, दुसरा सोमप्रदोष. दोघांचेही गणित चुकलेले नसते, फक्त नियम लावण्याची रीत निराळी असते. त्यातच सूर्यास्त गावागणिक बदलतो. नागपूरकडे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो.

अशा प्रसंगांसाठीच निर्णयग्रंथ रचले गेले. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ इ.स. 1612 मधील आहे, तर पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा ‘धर्मसिंधु’ शके 1712 मधील. महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांनी धर्मसिंधूचा आधार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. दोन्ही दिवशी प्रदोषकाळात तिथीची व्याप्ती सारखी असेल तर दुसरा दिवस घ्यावा, असा सर्वसाधारण निर्णय आहे.

येथवर तिथीचा विचार झाला. आता वार. तिथी चंद्रसूर्याच्या अंतरावरून ठरते, तर वार हा एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा असतो. सात झाले की पुन्हा पहिला. तिथी गणण्याची रीत आपल्याकडे फार प्राचीन आहे, वारांची मागाहूनची. तारखेबरोबर वार दिल्याचा भारतातील सर्वांत जुना कोरीव पुरावा मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातील एरण येथील स्तंभावर आहे. गुप्त राजा बुधगुप्त याच्या काळातील या लेखात गुप्त संवत् 165, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे थोर ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी गणित करून ती तारीख 21 जून 484 ही ठरविली, आणि त्या दिवशी खरोखरच गुरुवार येतो. वार असे व्यवहारात रुळल्यावरच प्रदोषाला वाराचे नाव जोडणे शक्य झाले.

प्रदोष एकाच वारी का येत नाही? चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे पक्ष पावणेपंधरा दिवसांचा. संध्याकाळ मात्र पुरीच मोजावी लागते, पाऊण संध्याकाळ होत नाही. म्हणून दोन प्रदोषांतील अंतर बहुधा चौदा किंवा पंधरा दिवस पडते, क्वचित तेरा किंवा सोळा. चौदा दिवस म्हणजे नेमके दोन आठवडे, म्हणून तोच वार पुन्हा येतो. पंधरा झाले की पुढचा वार, सोळा झाले की मधला एक वार सुटतो. 2025 च्या अखेरीस सोमवार 3 नोव्हेंबर, सोमवार 17 नोव्हेंबर, मंगळवार 2 डिसेंबर, बुधवार 17 डिसेंबर असे प्रदोष आले. प्रथम चौदा दिवसांचे अंतर, म्हणून सोमप्रदोष लागोपाठ दोन. पुढे दोनदा पंधरा, म्हणून भौमप्रदोष आणि मग बुधप्रदोष. त्याच वर्षी 11 जानेवारीच्या शनिप्रदोषानंतर सोळा दिवसांनी, 27 जानेवारीस, सोमप्रदोष आला आणि रविवार मधल्यामध्ये सुटला.

वर्षाला चोवीस-पंचवीस प्रदोष असतात. ते सात वारांत विभागले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी तीन-साडेतीन येतात. पण वाटणी सारखी होत नाही. एखाद्या वर्षी एखादा वार दोनदाच येतो, तर दुसरा पाचदा. ठराविक वाराचा प्रदोष दुर्मिळ वाटतो तो यामुळे.

नावे वाराच्या ग्रहावरून पडली. मंगळ हा भूमीचा पुत्र, म्हणून मंगळवारचा भौमप्रदोष. रविवारच्या प्रदोषाला भानुप्रदोषही म्हणतात. सोम म्हणजे चंद्र, आणि चंद्र शंकराच्या मस्तकी. त्यातच सोमवार शिवाचा मानलेला. शिवाची तिथी व शिवाचा वार एकत्र आले म्हणून सोमप्रदोषाचे महत्त्व. शनिप्रदोषाचे माहात्म्य महाराष्ट्रात पोचले ते मुख्यतः पोथ्यांतून. ‘गुरुचरित्रा’च्या आठव्या अध्यायात श्रीपाद श्रीवल्लभ एका दुःखी ब्राह्मण स्त्रीला शनिप्रदोषाचे व्रत सांगतात. तेथे उज्जयिनीचा राजा चंद्रसेन आणि शिवपूजा करणारे गवळ्याचे पोर यांची कथा येते. श्रीधरस्वामींनी शके 1640 मध्ये बारामती येथे पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’तही प्रदोषमहिमा आहे, आणि ती पोथी घरोघरी वाचली जाते.

देवळाच्या फळ्यावर प्रदोष लिहिताना म्हणून एवढे पाहावे. चौकोनातील तिथीवर विसंबू नये. पंचांगात त्रयोदशी कधी लागते व कधी संपते ती वेळ पाहावी आणि आपल्या गावच्या सूर्यास्ताशी ताडावी. ज्या संध्याकाळी त्रयोदशी सापडेल त्या दिवसाचा वार तेच प्रदोषाचे नाव. जेव्हा दोन्ही संध्याकाळी थोडी थोडी सापडेल तेव्हा आपण तर्क न करता देवळात जे पंचांग चालते त्याचाच निर्णय मानावा, आणि वर्षभर तेच एक पंचांग ठेवावे. म्हणजे सर्व गाव एकाच संध्याकाळी देवासमोर उभे राहील.

॥ हर हर महादेव ॥